वास गेला, वायू राहिला

टॅनरीच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरतो. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. नवा कामगार पहिले काही दिवस कपाळाला आठ्या घालून वावरतो आणि मग त्याला त्या वासाचं काही वाटेनासं होतं. सवय होणं हा माणसाचा स्वभावच आहे. पण या वायूच्या बाबतीत वास न येण्याचे दोन अर्थ होतात. एक तर वायू गेला, किंवा वायू इतका वाढला की नाकाची वास घेणारी यंत्रणाच बधिर झाली. बाहेरून हे दोन्ही प्रसंग सारखेच भासतात, म्हणून कातडी कमावण्याच्या धंद्यात नाकावर भरवसा ठेवणं जीवघेणं ठरतं.

या धंद्यातले धोके अनेक आहेत, पण दोन गोष्टी नीट समजल्या तर बाकीच्यांची वाट सापडते. पहिली म्हणजे हा वायू. तो मिनिटांत माणूस मारतो आणि आधीचा इशारा स्वतःच पुसून टाकतो. दुसरी म्हणजे कामगाराची त्वचा. चुना, आम्ल आणि क्रोमियम यांमुळे ती हळूहळू बिघडत जाते, पण ती मात्र आधी सांगते. पहिल्या धोक्यासाठी यंत्र आणि शिस्त लागते, दुसऱ्यासाठी कुणीतरी वेळेवर हात पाहावे लागतात.

वायू तयार कसा होतो

कच्चं कातडं मिठात मुरवून टॅनरीत येतं. ते आधी पाण्यात भिजवतात आणि मग मोठ्या लाकडी ड्रममध्ये चुना आणि सोडियम सल्फाइड घालून फिरवतात. सल्फाइड केस विरघळवतं, चुना कातडं फुगवून मोकळं करतो. या टप्प्यात द्रवाचा सामू बाराच्या वर असतो, म्हणजे तो अतिशय अल्कधर्मी असतो. तशा द्रवात सल्फाइड विरघळून राहतं, वायूच्या रूपात जवळजवळ बाहेर पडत नाही. चुन्याचा ड्रम चालू असताना धोका कमी असतो तो यामुळेच.

पण कातडं तिथेच थांबत नाही. पुढच्या टप्प्यात त्यातला चुना काढावा लागतो. त्यासाठी अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम क्लोराइड घालतात आणि सामू आठ-नऊपर्यंत उतरतो. त्यानंतर येतं पिकल, म्हणजे मीठ आणि आम्लाचं पाणी, ज्यात सामू तीनच्या आसपास जातो. सल्फाइडचं गणित इथे बदलतं. सामू सात असताना द्रवातल्या सल्फाइडपैकी साधारण निम्मं हायड्रोजन सल्फाइड बनलेलं असतं. सामू पाच झाला की जवळजवळ सगळंच. म्हणजे चुन्याच्या टप्प्यात कातड्याच्या आत मुरलेलं, नीट न धुतलेलं सल्फाइड पुढच्या टप्प्यात वायू होऊन बाहेर येतं. चुना काढताना अमोनियाही सुटतो. त्याच्या तिखट वासाखाली सडक्या अंड्यांचा वास झाकला जातो.

प्रमाण किती, हे एका हिशेबातून कळेल. हजार किलो कातड्याला अडीच टक्के, म्हणजे २५ किलो सोडियम सल्फाइडचे फ्लेक्स घातले असं धरू. बाजारातल्या फ्लेक्समध्ये प्रत्यक्ष सल्फाइड साधारण ६० टक्के असतं, म्हणजे १५ किलो. त्यातलं सगळं वायू झालं तर साडेसहा किलो हायड्रोजन सल्फाइड होईल. अर्थातच बरंच सल्फाइड केसांवर खर्च होतं आणि बरंच धुऊन जातं. पण चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा सांडपाण्याच्या रिकाम्या टाकीत या साडेसहा किलोंपैकी फक्त ५० ग्रॅम वायू साचला, तरी तिथल्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत हजार भाग होतं. एवढ्या हवेत एक-दोन श्वास घेतल्यावर माणूस कोसळतो आणि त्याचा श्वास थांबतो.

दहा लाख भागांतला एक भाग म्हणजे एक पीपीएम. वास कळायला एक पीपीएमपेक्षाही कमी वायू पुरतो. आपल्याकडच्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी १० पीपीएम आणि थोड्या वेळासाठी १५ पीपीएम अशी मर्यादा लिहिली होती. डोळ्यांची आग त्याच्या थोडी पुढे सुरू होते. शंभर पीपीएमच्या आसपास काही मिनिटांतच वास येणं बंद होतं. पाचशेच्या वर गेलं की चक्कर, तोल जाणं, शुद्ध हरपणं हे सगळं मिनिटांत घडतं. हा वायू पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण मेंदूच्या पेशींना त्याचा उपयोग होत नाही. शिवाय तो हवेपेक्षा जड असतो. टाकी, गटार, ड्रमचा तळ, तळघर अशा खोलगट जागी तो साचतो.

ड्रमच्या तोंडाशी

धोक्याचा एक नेमका क्षण रोजच्या कामात दडलेला आहे. चुना पुरता निघाला की नाही, हे पाहायला कामगार ड्रम थांबवतो, दार उघडतो, आत वाकून कातड्याचा तुकडा काढतो आणि सुरीने आडवा छेद देतो. छेदावर फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकतो. छेदाच्या मध्यभागी गुलाबी पट्टा उमटला तर आत चुना शिल्लक आहे. रंग आला नाही तर काम झालं. ही चाचणी साधी आणि अचूक आहे. पण ती करताना माणसाचं तोंड ड्रमच्या दारात असतं, आणि आतल्या द्रवाचा सामू उतरत असल्याने वायू सुटण्याची वेळही नेमकी तीच असते. ड्रम फिरताना द्रव घुसळला जातो आणि सोड्याची बाटली हलवल्यावर फेस उसळतो तसा विरघळलेला वायू बाहेर येतो.

उपाय ड्रमच्या दारापासून सुरू होतो. चुन्याचं पाणी काढल्यावर कातडं दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवायचं, म्हणजे पुढे जाणारं सल्फाइडच कमी होतं. चुना काढण्याच्या द्रवात ठरलेल्या प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर उरलेल्या सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं. ड्रमच्या पोकळ आसातून हवा खेचणारा पंखा असावा आणि दार उघडण्याआधी तो काही मिनिटं चालवावा. नमुना काढणाऱ्याने दाराच्या समोर उभं न राहता बाजूला राहावं, लांब दांड्याचा आकडा वापरावा, आणि छातीपाशी वायुमापक लावलेला असावा. दहा पीपीएमला तो वाजू लागला की आधी मागे सरायचं, कारण नंतर शोधायचं.

एक टँकर, एक चुकीचा नळ

धोका फक्त ड्रमपुरता नसतो, याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या व्हाइटहॉल गावात घडलं. ४ जून १९९९ च्या पहाटे तिथल्या चामड्याच्या कारखान्यात एक टँकर आला. त्यात सोडियम हायड्रोसल्फाइडचं द्रावण होतं, म्हणजे केस काढण्याचं रसायन. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाचा समज होता की या वेळेला कारखान्यात ‘पिकल ॲसिड’ म्हणून ओळखलं जाणारं फेरस सल्फेट येतं. त्याने चालकाला त्या टाकीच्या नळाकडे नेलं. टाकीत आधीच आम्लधर्मी फेरस सल्फेट होतं. सल्फाइड त्यात मिसळताच हायड्रोजन सल्फाइडचा लोट उठला. चालक जागीच मेला. कारखान्यातला एक कामगार वायूने बेशुद्ध पडला, पण वाचला.

या अपघाताची चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. त्यातून दिसतं ते असं की कुठली पाइप फुटली नाही, कुठली टाकी गळली नाही. दोन्ही रसायनं आपापल्या जागी ठीक होती. ती भेटली म्हणून माणूस गेला. म्हणजे कागद वाचणं, नमुना तपासणं आणि नळाची ओळख पटवणं या तीन पायऱ्यांपैकी एक जरी ठरलेल्या पद्धतीने झाली असती, तर चालक घरी गेला असता.

भारतातल्या टॅनऱ्यांमध्येही हाच सामना रोज होतो, फक्त तो टाकीऐवजी गटारात होतो. चुन्याच्या ड्रमचं पाणी आणि पिकलचं किंवा क्रोमचं आम्लधर्मी पाणी एकाच नाल्यात सोडलं की सल्फाइडला आम्ल मिळतं आणि नाल्यातच वायू तयार होतो. म्हणून पहिला आणि सगळ्यांत स्वस्त नियम असा की चुन्याचं पाणी आणि आम्लाचं पाणी वेगळ्या नाल्यांनी वेगळ्या टाक्यांत जावं. चुन्याच्या टाकीत मँगनीज सल्फेट हे उत्प्रेरक घालून तासन् तास हवा फुंकली की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं. सल्फाइड चाचणीत संपलं, असं दिसल्यावरच ते पाणी बाकीच्या सांडपाण्यात मिसळायचं. नळांच्या बाबतीत सल्फाइड आणि आम्ल यांच्या जोडण्या वेगवेगळ्या आकाराच्या असाव्यात, म्हणजे चुकीचा नळ बसणारच नाही. माणूस चुकेल हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था पाटीपेक्षा कितीतरी खात्रीची असते.

टाकीत उतरणं

सांडपाण्याच्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो. त्यात केस, मांस, चरबी आणि सल्फेट असतं, आणि हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणू त्याच सल्फेटपासून पुन्हा हायड्रोजन सल्फाइड बनवतात. टाकी कित्येक आठवडे बंद असली तरी गाळात वायू अडकून राहतो. कामगार आत उतरतो, फावड्याने गाळ ढवळतो आणि अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणून उतरण्याआधी मापकाने हवा चांगली दाखवली, तेवढ्यावर थांबून चालत नाही. काम चालू असतानाही मापक चालूच राहायला हवा.

आत एक माणूस कोसळला की वरून कोणी तरी त्याला वाचवायला उडी घेतं. शहरातल्या गटारांत होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांत एकापाठोपाठ दोन-तीन जण गेल्याचं आपण वाचतो, त्यामागेही बऱ्याचदा हाच वायू आणि हीच धडपड असते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये सांगितलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण मदतीला गेलेले असतात. दया आली की माणूस धावतो, हे थांबवता येत नाही. म्हणून त्या धावण्यासाठी आधीच योग्य साधन द्यावं लागतं.

टाकीत उतरायचं ठरलं तर क्रम असा असतो. टाकी बाहेरून पंपाने रिकामी करायची आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची. येणारे सगळे नळ बंद करून कुलूप लावायचं. तळापर्यंत नळी सोडून फुंकणीने ताजी हवा आत ढकलायची. वर, मध्ये आणि तळाशी तिन्ही ठिकाणची हवा बाहेरून नळीने तपासायची. हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमपेक्षा कमी आणि प्राणवायू किमान साडेएकोणीस टक्के असेल, तरच लेखी परवानगी द्यायची. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस असावा, त्याची दोरी तिवईच्या गरारीला असावी, आणि तोंडाशी उभा असलेला माणूस कुठल्याही कारणाने आत उतरणार नाही असा नियम असावा. तो फक्त चाक फिरवून दोरी ओढेल. ज्याला आत जाणं भाग आहे, त्याला पाठीवर हवेचं सिलिंडर हवं. कापडी रुमाल आणि साधा मास्क इथे काहीही करत नाहीत, आणि गाळणीचा मास्क एवढ्या वायूत आणि प्राणवायूच्या कमतरतेत निरुपयोगी ठरतो.

वायू लागलेला माणूस बाहेर आला की मोकळ्या हवेत ठेवून प्राणवायू द्यायचा, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वसन सुरू करायचं आणि रुग्णालयात न्यायचं. तो उठून बसला, बोलायला लागला, तरी घरी सोडू नये. फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

हात काय सांगतात

आता दुसरा धोका. तो कातड्याबरोबर आणखी एक टप्पा पुढे जातो. पिकल झालेल्या कातड्यावर बेसिक क्रोमियम सल्फेट घातलं जातं, वजनाच्या साधारण सात-आठ टक्के. क्रोमियम कातड्याच्या तंतूंना घट्ट बांधतं आणि कातडं निळसर होतं. धंद्यात त्याला वेट ब्लू म्हणतात. जुन्या पद्धतीने काम केलं तर घातलेल्या क्रोमियमपैकी तिसरा भाग किंवा त्याहून अधिक पाण्यात शिल्लक राहतो.

क्रोमियमची दोन रूपं इथे वेगळी समजून घ्यायला हवीत. कातडं कमावायला वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. ते त्वचेतून फारसं आत जात नाही. षट्संयुजी क्रोमियम मात्र सहज आत जातं, जखमा करतं, आणि ते कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं आहे. पूर्वी लहान टॅनऱ्या सोडियम डायक्रोमेट आणून त्यात आम्ल आणि गूळ किंवा काकवी घालून क्रोमचं द्रावण घरच्या घरी बनवत असत. डायक्रोमेट म्हणजेच षट्संयुजी क्रोमियम. जिथे अजून असं चालतं, तिथे पहिला उपाय म्हणजे ते बंद करून तयार क्रोमियम सल्फेट विकत घेणं.

षट्संयुजी क्रोमियमची खूण ओळखता येते. बोटांच्या सांध्यांवर, नखांच्या मुळाशी किंवा हाताच्या मागच्या बाजूला लहान, गोल, टोचणीने भोक पाडल्यासारखा व्रण होतो. त्याची कड उंच आणि टणक असते, मध्ये खपली असते. तो फारसा दुखत नाही, म्हणून कामगार तसाच काम करत राहतो. असा व्रण दिसला की डायक्रोमेट कुठून येतं, हे शोधलंच पाहिजे. त्याच माणसाचं नाकही डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, कारण हेच क्रोमियम नाकाच्या पडद्यालाही भोक पाडू शकतं.

पण टॅनरीतले बहुतेक हात क्रोमियमच्या आधी चुना आणि सल्फाइडमुळे बिघडतात. केस ज्या प्रथिनाचे बनतात, त्याच केराटिनची माणसाची नखं आणि त्वचेचा वरचा थर असतो. जे रसायन गुराचे केस विरघळवतं, ते बोटांनाही झिजवतं. दिवसभर ओला राहणारा हात फुगतो, भेगाळतो, त्यात आम्ल आणि मीठ झोंबतं, मग बुरशी आणि जंतू शिरतात. या झिजलेल्या त्वचेतून क्रोमियमलाही आत जायला वाट मिळते. त्यातून क्रोमियमची ॲलर्जी जडली तर ती बहुधा आयुष्यभर जात नाही.

साध्या जळजळीत आणि ॲलर्जीत फरक असतो. चुन्याने बिघडलेला हात काही दिवस सुट्टी मिळाली की सुधारतो. ॲलर्जी झालेल्या माणसाला थोड्याशा स्पर्शानेही खाज सुटते, बारीक पाण्याचे फोड येतात, आणि कधी पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचं लाल चट्टं उठतं, कारण ती चप्पल क्रोमनेच कमावलेल्या चामड्याची असते. खात्री करायला त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. पोटॅशियम डायक्रोमेटचा लेप ४८ तास ठेवून नंतर त्या जागेची प्रतिक्रिया पाहतात.

अशा रुग्णांना बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या चपला चालू शकतात. अस्सल कोल्हापुरी चप्पल अशाच चामड्याची असते, त्यात क्रोमियम नसतं. पण वनस्पतींनी कमावल्याने क्रोमियमचा प्रश्न मिटतो, सल्फाइडचा मिटत नाही. केस काढायला सल्फाइड वापरलं असेल, तर वरचे सगळे नियम तिथेही लागू होतात.

हात वाचवायचे तर स्पर्शच कमी करावा लागतो. पावडर उधळत ड्रममध्ये ओतण्याऐवजी क्रोमियम सल्फेट आधी पाण्यात विरघळवून नळीने सोडावं. कमावण्याचं प्रमाण सुधारलं आणि वापरलेलं क्रोम मॅग्नेशियम ऑक्साइडने खाली बसवून पुन्हा आम्लात विरघळवून वापरलं, तर पाण्यातलं आणि कामगाराच्या अंगावर येणारं क्रोमियम दोन्ही कमी होतात. हातमोजे नायट्राइलचे, कोपरापर्यंतचे आणि आत सुती अस्तराचे हवेत. मनगटाशी ते बाहेर दुमडावे लागतात, नाहीतर हात वर केला की पाणी आत कोपराकडे वाहतं. चामड्याचे हातमोजे देऊ नयेत, ते स्वतःच बहुधा क्रोमने कमावलेले असतात. फाटका मोजा तर मोजा नसण्यापेक्षा वाईट, कारण रसायन आतच कोंडून हाताला लागून राहतं. हातमोजा रोज हवा भरून पाण्यात दाबावा, बुडबुडे आले तर टाकून द्यावा. काम संपल्यावर साध्या साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करून, व्हॅसलीन लावावं. हाताचा रंग काढायला रॉकेल किंवा ब्लीचिंग पावडर लावणाऱ्यांची त्वचा आणखी लवकर जाते.

क्रोमचा व्रण आणि रसायनांनी होणारा त्वचादाह हे व्यावसायिक रोग म्हणून नोंदवणं कारखाने कायद्यात डॉक्टरांवर बंधनकारक केलेलं होतं. पण डॉक्टरकडे पोहोचायच्या आधीच हे रोग लपवले जातात. टॅनरीतले बरेच कामगार ठेकेदारामार्फत रोजावर येतात. हात दाखवला की उद्या नको, असं ऐकावं लागेल, या भीतीने ते भेगांना पट्टी बांधून चुन्याच्या पाण्यात हात घालतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्यांचे हात पाहण्याची वही ठेवताना तिच्या पहिल्याच पानावर एक नियम लिहायला हवा: हात बिघडला म्हणून कोणाचा रोज कापला जाणार नाही, त्याला तेवढ्याच मजुरीवर कोरडं काम मिळेल. हा नियम नसेल तर ती वही कायम स्वच्छ राहील आणि हात आतल्या आत सडत राहतील. मालकाने वायुमापक आणि हातमोजे विकत घेण्याआधी हा नियम जाहीर करावा, कारण त्याशिवाय कोणीही आपला हात पुढे करणार नाही.